काका, ताईचा ब्लाउज वेळेत मिळाला

काका, नमस्कार.

रविवारी लग्न नीट पार पडलं. पाहुणे काल गेले, आज जरा सवड मिळाली म्हणून हे लिहितेय. फोनवर बोलायला लागले असते तर रडू आलं असतं.

बुधवारी संध्याकाळी मी आणि आई तुमच्याकडे आलो तेव्हा हातात ताईच्या पैठणीचा बिघडलेला ब्लाउज होता. आधीच्या शिंप्याने मुंढा इतका आखूड कापला होता की हात वर जात नव्हता. आत दाबून ठेवलेलं कापडही नव्हतं, की उसवून सैल करावं. दुसऱ्या दोन दुकानांत ‘नवीन कापड आणा’ म्हणून सांगितलं होतं. तुम्ही मात्र साडी पूर्ण उलगडायला लावली. आत खोचतो त्या टोकाची चार बोटं पट्टी कापली आणि तिच्या कळ्या दोन्ही बगलांत घातल्या. पैठणीला कात्री लागताना आईने डोळे मिटून घेतले होते. आता विचारलं तर कुठे जोडलंय ते तिलाही दाखवता येत नाही.

त्यातच गुरुवारी दिवसभर वीज नव्हती. तुम्ही पायमशीनवर बसलात, आणि काकूंनी खिडकीशी बसून हातशिलाई केली, हुक लावले. बाबांचा कुर्ता आणि भाचीचं परकर-पोलकंही त्याच गठ्ठ्यात होतं. आम्ही म्हटलं होतं, नाहीच जमलं तर हे दोन्ही राहू द्या. शुक्रवारी रात्री साडेनऊला तुमचा मुलगा तिन्ही कपडे इस्त्री करून घरी घेऊन आला. पोलक्याला काठाच्या उरलेल्या तुकड्याची छोटी बाहीपट्टी लावली होतीत, ती आम्ही सांगितलीही नव्हती. भाची अजून ते अंगातून काढायला तयार नाही!

ताईचं सांगते. हार घालायच्या वेळी भावोजींना मित्रांनी उचलून धरलं. ताईला टाचा उंचावून दोन्ही हात पार वर न्यावे लागले. माझं लक्ष फक्त तिच्या बगलेकडे होतं. एक टाका हलला नाही, काका. ताई मोकळेपणाने हसत होती. बुधवारी हीच ताई ‘दुसरी कुठलीही साडी नेसते’ म्हणत उशीत तोंड खुपसून पडली होती. आजीच्या हातची पैठणी तिला नेसायला मिळाली ती तुमच्यामुळे.

तातडीच्या कामाचे जास्तीचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. बाबांना ते फार लागून राहिलंय. म्हणून उद्या अकराच्या सुमारास ते स्वतः येतायत, बुंदीचे लाडू आणि काकूंसाठी साडी घेऊन. या वेळी नाही म्हणू नका. ताईचा हार घालतानाचा फोटो सोबत पाठवतेय, काकूंनाही दाखवा.

तुमची,
नवरीची धाकटी बहीण