चारची पाळी

भगवानरावांना झोपेची कधी ददात नव्हती. पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक म्हणून चौतीस वर्षं काढली. रब्बीचं आवर्तन सुटलं की रात्री-अपरात्री गेटवर जावं लागे, तरी परत येऊन चौकीतल्या लाकडी बाजेवर पाठ टेकली की ते घोरायला लागत. 1993 ला किल्लारीचा भूकंप झाला, पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना, तेव्हा हादरा परभणीलाही जाणवला. गल्ली रस्त्यावर आली होती. सुलोचनाबाईंनी कडेवरच्या लेकराला सांभाळत त्यांना दंडाला धरून ओढलं, तेव्हा कुठं ते उठले. नोकरीच्या काळात परभणीच्या घरी पहाटेचे चार त्यांनी झोपेतून उठून पाहिले ते तेवढेच.

निवृत्तीनंतरचं पहिलं वर्ष बरं गेलं. नंतर कधीतरी चारला डोळे उघडायला लागले. आधी आठवड्यातून एकदा, मग दिवसाआड, मग रोज. अलार्म नाही, आवाज नाही, लघवीलाही जायचं नाही. डोळे उघडायचे आणि भिंतीवरच्या घड्याळात चार वाजलेले असायचे.

भगवानराव हिशेबी माणूस. पडल्या पडल्या बोटं मोजायचे. नऊला झोपलो, म्हणजे सात तास झाले. साडेनऊला लागली असेल तर साडेसहा. अजून एक तास मिळाला असता तर... आणि त्या तासाची वाट बघत ते सहापर्यंत कुशी बदलत राहायचे. उठायचे तेव्हा अंग आंबलेलं असायचं.

एके दिवशी पुण्याहून पोराचा फोन आला.

"बाबा, पहाटे सव्वाचारला ऑनलाइन दिसत होतात. बरं आहे ना?"

"बरंय की."

"मग झोपत का नाही?"

यावर काय सांगावं ते त्यांना सुचलं नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पहाटे मोबाइलला हात लावला नाही. आपण जागे आहोत हे लपवून ठेवायची गोष्ट आहे असं त्यांना वाटायला लागलं.

सुलोचनाबाईंनी ओळखलं. "रात्री लवकर झोपता म्हणून होतंय. जरा वेळ टीव्ही बघा." म्हणून ते अकरापर्यंत मालिका बघत बसले. मान पुढं लवायची, बाई हाक मारायच्या, ते दचकून बसायचे. जाग मात्र चारलाच आली. त्या दिवशी दुपारी ते भाजी आणायला निघाले आणि पिशवी घरीच विसरून मंडईत उभे राहिले. आठवडाभर हेच चाललं. शेवटी बाईच म्हणाल्या, "चला, डॉक्टरला दाखवू."

डॉक्टर तरुण होते, पण घाई न करता बोलले. साखर तपासली, रक्तदाब पाहिला. घोरताना श्वास अडकतो का, ते बाईंना विचारलं. मग भगवानरावांकडं वळून म्हणाले, "भूक लागते का? माणसांत बसावंसं वाटतं का? पहाटे जाग आल्यावर रडू येतं का, जीव नकोसा वाटतो का?" हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी खरं तेच सांगितलं. भूक लागते, पारावर गप्पा मारायला जातो, रडू येत नाही. फक्त जाग येते आणि मग राग येतो.

"काका, वय वाढलं की मेंदूतलं घड्याळ पुढं सरकतं," डॉक्टर म्हणाले. "झोप लवकर येते, लवकर उघडते. तुमची साडेसहा-सात तास होतेय, दिवसा पेंग येत नसेल तर पुरेशी आहे. संध्याकाळी उजेडात फिरा, दुपारी अर्ध्या तासाच्या वर पडू नका. आणि जाग आल्यावर घड्याळ बघू नका. पडून राहून चिडत असाल तर सरळ उठून बसा."

गोळी दिली नाही. भगवानराव थोडे नाराज झाले. गोळी दिली असती तर दुखण्याला नाव तरी मिळालं असतं.

संध्याकाळचं फिरणं सुरू झालं, घड्याळ स्वयंपाकघरात गेलं. फरक पडला तो पंधरा-वीस मिनिटांचा, तोही कधीकधी. पण चौथ्या-पाचव्या दिवशी ते खरंच उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. डिसेंबर होता. अंगावर घोंगडी होती. बसल्या बसल्या त्यांच्या लक्षात आलं की आपण गुडघ्याभोवती हात गुंफून बसलोय, आणि असंच बसलेलं कुणीतरी आपण पाहिलंय.

दादा. त्यांचे वडील.

गावाकडं दादा चारला उठायचे. बैलांना वैरण टाकायची असते म्हणून उठतात, असं लहानपणी भगवानाला वाटायचं. 1972 च्या दुष्काळात वैरण संपली, दादांनी बैलजोडी विकली. गोठा मोकळा झाला. तरी दादा चारला उठून अंगणात बाजेवर गुडघ्याभोवती हात गुंफून बसायचे. दहा वर्षांचा भगवान वाकळीतून बघायचा. आई कुजबुजायची, "देण्याची काळजी हाय त्यांना. झोप तू." त्याच्या पोटात गोळा यायचा. पुढं कितीतरी वर्षं पहाटे जागा असलेला माणूस म्हणजे कर्जात बुडालेला माणूस, अशीच त्याची समजूत राहिली.

पण मग जायकवाडीचं पाणी आलं. डावा कालवा गावापर्यंत पोचला, ज्वारीच्या जागी गहू दिसायला लागला. देणं फिटलं. भगवानला त्याच खात्यात नोकरी लागली. तेव्हाही तो सुट्टीला गेला की दादा चारला बाजेवर असायचेच. तसेच. एकदा त्याने विचारलं होतं, "दादा, काय झालं? काहून उठलात?" दादा म्हणाले होते, "काय न्हाई रे. जाग आली."

तेव्हा त्याला ते खरं वाटलं नव्हतं. बाप पोरापासून काहीतरी लपवतो असंच वाटलं होतं. आता ओट्यावर बसून भगवानरावांना एकदम मोकळं हसू आलं. काळजी असती तर पाण्याबरोबर गेली असती. पाणी आलं, काळजी गेली, जाग तेवढी राहिली. म्हाताऱ्यानं खरं तेच सांगितलं होतं.

आवर्तनाच्या काळात शेतकरी चौकीवर यायचे, तावातावानं भांडायचे. साहेब, अजून दोन तास सोडा. भगवानराव त्यांना सांगायचे, पाळी संपली की गेट पडतं, आपलं भिजवून झालं असंल तर पाणी पुढं जाऊ द्यावं. रोज पहाटे सहापर्यंत आपणही असंच गेटवर उभं राहून भांडत होतो, असं त्यांना वाटलं.

जानेवारीत गावाकडच्या पुतण्याला कृषिपंपाची वीज आठवडाभर रात्रीची होती. हरभऱ्याला पाणी द्यायला तो एकटाच रानात असायचा. भगवानरावांनीच त्याला सांगितलं, "गजा, चारनंतर कधीबी फोन लाव. मी जागाच असतो." पहिल्या रात्री त्यानं भीत भीत लावला. नंतर रोज येऊ लागला. दारं धरताना तो फोन खिशात चालू ठेवायचा. बोलणं फार नसायचं. मोटर चालू झाली, वाफा भरला, पायात सर्प आल्यागत वाटलं पण दोरी निघाली. सुलोचनाबाई आतून ओरडायच्या, "बॅटरी घेतली का इचारा त्याला! बूट घातलेत का?"

होळीला पोरगा, सून, नातू आले. पुरणपोळ्या झाल्या, नातवाचा पत्त्यांचा डाव रंगला. पावणेनऊ वाजले तसे भगवानराव उठले.

"बाबा, एवढ्यात?" पोरगा म्हणाला. "आज तरी बसा ना."

"न्हाई. मला चारला जाग येती."

"गोळी सुरू करायची का? माझ्या ओळखीचे एक डॉक्टर आहेत पुण्यात."

"दाखवलंय मी. काही नाही झालेलं. तुझ्या आज्यालाही यायची." त्यांनी पत्ते नातवाच्या हातात दिले. "आवाज कमी करू नका टीव्हीचा. मला लागती झोप."