तक्रार ४१२: मराठी अंकांत फॅट भरल्यास रक्कम निघत नाही (नव्याने लिहिलेली)

ही तक्रार काल "आमच्याकडे असं होत नाही" या शेऱ्यासह बंद झाली होती. ती पुन्हा उघडली आहे आणि नव्याने लिहून खाली देत आहे. मदतकक्षाकडून आलेला मूळ मजकूर हा होता:

> नमस्कार, दोन-तीन संकलन केंद्रांवरून फोन येत आहेत की ॲप चालत नाही. दूध भरलं की रक्कम नीट येत नाही, काहीतरी इंग्रजी अक्षरं येतात. कधी येते, कधी येत नाही. बहुतेक नेटचा प्रॉब्लेम असावा किंवा नवीन अपडेटनंतर झालं असावं. सचिवांनी फोन बंद करून चालू केला, ॲप काढून परत टाकलं, तरी तेच. पावती छापायलाही फार वेळ लागतो. फाईल अपलोड केली की मात्र बरोबर येतं असं एकजण म्हणाले. उत्पादक रांगेत उभे असतात, वाद होतात, कृपया तातडीने बघावे.

शीर्षक: फॅटच्या खान्यात मराठी अंक भरल्यास दर रिकामा राहतो आणि रक्कम `NaN` दिसते

कुठे: अँड्रॉइड ॲप, आवृत्ती 3.8.1, चाचणी सर्व्हर, "दूध संकलन" पडदा. नेट चालू असताना आणि बंद असताना, दोन्ही वेळा तेच.

पायऱ्या (अंक जसे छापले आहेत तसेच टाइप करावेत)

1. चाचणी केंद्राच्या खात्यातून "दूध संकलन" उघडा. पाळी सकाळ, दूध गायीचं.
2. लिटरमध्ये `12.5` आणि एसएनएफमध्ये `8.5` भरा.
3. कळफलक मराठी करा आणि फॅटमध्ये `४.२` भरा.
4. "जतन करा" दाबा.

अपेक्षित: दर `38.40`, रक्कम `480.00`.

प्रत्यक्षात: दर रिकामा, रक्कम `NaN`. चूक झाल्याची सूचना येत नाही. नोंद जतन होते आणि पावतीवरही `NaN` छापलं जातं.

किती वेळा: प्रत्येक वेळी. तिसऱ्या पायरीत `4.2` भरलं तर एकदाही नाही.

गांभीर्य: जास्त. चुकीची नोंद न अडता पुढे जाते आणि उत्पादकाच्या दहा दिवसांच्या बिलात जाऊन बसते.

विकासकासाठी: हा माझा अंदाज आहे, म्हणून तो वरच्या भागांपासून वेगळा ठेवला आहे. ॲपमधला हिशेब जावास्क्रिप्टमध्ये होतो आणि तिथे देवनागरी अंक संख्या म्हणून वाचले जात नाहीत:

```
parseFloat("4.2")   // 4.2
parseFloat("४.२")   // NaN
```

सर्व्हर पायथॉनमध्ये आहे. तिथे `float("४.२")` हे 4.2 देतं, म्हणून फाईल अपलोड केली की रक्कम बरोबर येत असावी. "कधी येते, कधी येत नाही" याचा उलगडाही बहुधा हाच: कळफलक त्या वेळी कुठल्या भाषेवर होता, एवढाच फरक. आपण सगळे इंग्रजी कळफलकावर तपासतो, त्यामुळे आपल्याकडे हे कधीच दिसलं नाही. अंक आपणच बदलून घ्यायचे की खाना फक्त इंग्रजी अंकच घेईल असं करायचं, हे तुम्ही ठरवा. दुसरा मार्ग घेतलात तर वरचं "अपेक्षित" मला बदलावं लागेल, तेवढं कळवा. माझं मत पहिल्या मार्गाला आहे. मराठी ॲपमध्ये मराठी अंक भरणाऱ्या सचिवाला आपण अडवू नये.

मदतकक्षातल्या ताईंसाठी: तुमच्या मजकुरातलं सगळ्यात मोलाचं वाक्य फाईल अपलोडचं होतं. ते शेवटाकडे, पावतीच्या तक्रारीनंतर आलं आणि वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटलं. शोध मात्र त्याच वाक्यावरून लागला. नेटचा आणि अपडेटचा अंदाज काढला आहे. नेट बंद ठेवूनही तेच होतं आणि मागच्या 3.7.4 आवृत्तीतही तेच होतं, त्यामुळे ते दोन्ही रस्ते बंद झाले. फोन बंद-चालू केल्याचं आणि ॲप पुन्हा टाकल्याचं काढलं, कारण त्याने निकालात फरक पडत नाही. "काहीतरी इंग्रजी अक्षरं" याऐवजी `NaN` लिहिलं आहे. पडद्यावरची अक्षरं जशीच्या तशी मिळाली की विकासक तीच कोडमध्ये शोधू शकतो. पुढच्या वेळी केंद्राकडून पडद्याचा फोटो मागवलात तरी पुरे.

रांगेतल्या वादांचं वाक्य इथून काढलं, पण सोडलेलं नाही. "गांभीर्य जास्त" त्याच्याही आधारावर लिहिलं आहे.

पावती छापायला लागणाऱ्या वेळाची तक्रार वेगळी, क्रमांक ४१३ वर नोंदवली आहे. तिच्यात छपाई यंत्राचं मॉडेल आणि ते ब्लूटूथवर आहे की केबलवर, एवढं केंद्राला विचारून लिहा. त्याशिवाय तिला हात घालता येणार नाही.

दुरुस्ती होईपर्यंत फोन करणाऱ्या केंद्रांना सांगावं: फॅट, एसएनएफ आणि लिटर भरताना कळफलक इंग्रजीवर ठेवा, आणि ज्या पावतीवर `NaN` आलं आहे ती नोंद उघडून पुन्हा भरा.