चि. ओवी आणि चि. ईशानला आजीचं पत्र

लालबाग, मुंबई
११ जानेवारी

चि. ओवी आणि चि. ईशान यांस,
अनेक आशीर्वाद.

पत्र बघून हसू नका. फोनवर बोलताना मध्येच तुमचा क्लास सुरू होतो, नाहीतर बाबाची मीटिंग, आणि माझं अर्धं तोंडातच राहतं. म्हणून सगळं लिहूनच पाठवते. ओवी, जोडाक्षर अडलं तर ईशानला विचार. त्याला नाही आलं तर बाबाला. बंगळुरात राहून तोही विसरला असेल म्हणा.

परवा ईशान, तू विचारलंस, "आजी, जगात कुठेही जायला मिळालं तर कुठे जाशील?" तुम्हाला सिंगापूर ऐकायचं होतं, हे मला कळत होतं. मी म्हटलं विचार करून सांगते. खरं तर विचार करायला काही नव्हतंच. मला भाऊच्या धक्क्यावरून निघून पालशेतला जायचंय. तुमच्याबरोबर, आणि होईल तेवढं पाण्यावरून.

चाळ पाडून टॉवर झाल्यापासून एकविसाव्या मजल्यावरून मला बंदर दिसतं. सकाळी चहा घेऊन बसलं की बोटी हलताना दिसतात. लहानपणी मे महिन्यात आम्ही त्याच बाजूने गावाला जायचो. माझे बाबा गिरणीत. त्यांना रजा मिळायची नाही, ते आम्हाला धक्क्यावर सोडून परत पाळीला जायचे. वळकट्या, ट्रंक, रॉकेलचा डबा, आणि आईच्या कडेवर कोणीतरी रडणारं. बोट सुटली की धक्क्यावरचे आणि बोटीवरचे सगळेच ओरडायचे, कोणाचंच कोणाला ऐकू यायचं नाही. पाऊस लागण्याआधी बोटी बंद व्हायच्या, त्यामुळे मे संपता संपता परतावंच लागे.

दाभोळला बोट खाडीत उभी राहायची आणि खाली पडाव यायचे. मोठी माणसं शिडीने उतरायची. आम्हा पोरांना मात्र वरचा खलाशी धरायचा आणि खालच्याच्या हातात सोडायचा, पोत्यासारखं. एका वर्षी अंधार पडला होता आणि पडावात एकच कंदील होता. वरचा हात सुटला आणि खालचा अजून लागला नव्हता, तेवढ्यात मी डोळे उघडे ठेवले होते. खाली काळं पाणी आणि त्यात तो कंदील हलत होता. मी घाबरले नव्हते, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं. घाबरले होते. पण पुढच्या वर्षी सगळ्यात आधी हात वर करून मीच उभी होते.

लग्नानंतर ते सगळं संपलं, कारण तुमच्या आजोबांना बोट लागायची. भाऊच्या धक्क्याचा वास आला तरी ते पांढरे पडत. मग एसटी, आणि १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाल्यावर चिपळूणपर्यंत गाडी. गाडी झटकन पोचवते, त्याबद्दल तक्रार नाही. पण गाव जवळ येतंय हे कळतच नाही. बोगदा, बोगदा, बोगदा, उतरा.

आता बेत ऐका. एप्रिलचा पहिला आठवडा, तुमच्या परीक्षा झाल्या झाल्या. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीत बाबाची गाडी चढवायची. तासाभरात मांडवा. मी वरच्या डेकवर उभी राहणार आहे, कोणी मला आत एसीत बसवू नका. (लक्ष्मण अजिंक्य नावाच्या गृहस्थांनी हा धक्का बांधला. त्यांना लोक भाऊ म्हणत, म्हणून भाऊचा धक्का. ओवी, कालच्या फोनवर तू विचारत होतीस तो भाऊ कोणाचाच भाऊ नाही.)

पुढे अलिबाग न थांबता मुरूड. राजपुरीहून शिडाच्या होडीने तुम्ही जंजिऱ्याला जा. शिवाजी महाराजांना आणि संभाजीराजांनाही जो घेता आला नाही, तो हा किल्ला. कलालबांगडी तोफ बघा, आणि चारी बाजूंनी खारं पाणी असताना आत गोड्या पाण्याचं तळं कसं, याचा विचार करत बसा. माझे गुडघे त्या पायऱ्यांना नाही म्हणतात. मी किनाऱ्यावर शहाळं पीत बसेन, माझी काळजी करू नका.

आगरदांड्याला फेरीबोट, पलीकडे दिघी. मग श्रीवर्धन, तिथल्या रोठा सुपारीच्या वाड्या. हरिहरेश्वरचं दर्शन धावतं घ्यायचं, कारण बागमांडल्याची फेरी गाठायची आहे. सावित्री ओलांडली की वेसवी, आणि तिथून वेळास. इथे मात्र दोन रात्री. समुद्रकासवांची अंडी गावातली माणसं कुंपण घालून जपतात, आणि पिल्लं निघाली की सकाळ-संध्याकाळ वाळूवर सोडतात. टोपली उचलली की खाली पिल्लं असतात किंवा नसतात. नसली तर मुसमुसायचं नाही, ओवी. म्हणून तर दोन रात्री.

हर्णैला माशांचा लिलाव बघू. तुमची आई नाक दाबेल. तिला गाडीत बसू दे.

आणि मग दाभोळ. आता तिथेही फेरीबोट आहे, गाडीसकट पलीकडे धोपाव्याला नेते. कोणी कोणाला पोत्यासारखं सोडत नाही. तरी मला तिथे घाई नको. एक फेरी मुद्दाम सोडून देऊ आणि धक्क्यावर बसू. बोट साधारण कुठे उभी राहायची ते मी तुम्हाला बोटाने दाखवेन. नक्की जागा आठवेल असं नाही. पण कुठेतरी दाखवेनच.

पलीकडून गुहागर, गुहागरहून पालशेत. घर दादाच्या माघारी वहिनीच बघते. कौलं बदलली, न्हाणीघरात नळ आला. पोफळीच्या आगरात मात्र अजून पाटाने पाणी सोडतात. पाट फोडून पाणी दुसऱ्या आळ्यात वळवायचं काम तुमचं. ईशान, फोन ओटीवर ठेवून मगच खाली उतर, चिखलात पडला तर शोधायला मी येणार नाही. ओल्या काजूची उसळ, कैरीचं सार, आणि नशिबात असेल तर पहिले हापूस. ओले काजू सोलताना चीक हाताला लागतो आणि कातडी सोलवटते, ते काम वहिनीला करू द्या. मी सात वर्षांची असताना शहाणपणा केला होता आणि आठवडाभर आईने भरवलं होतं.

खर्चाचं म्हणाल तर माझ्या पेन्शनीतून मी बाजूला काढलेत. बाबाला हे आत्ताच सांगू नका, तो "आई, कशाला" सुरू करेल. त्याला फक्त गाडीचे ब्रेक तपासून घ्यायला सांगा. घाट नसले तरी उतार पुष्कळ आहेत.

काल वहिनीला फोन केला होता. तिनं विचारलं, किती पानं मांडू? मी पाच सांगून टाकलंय.

तुमची,
आजी

ता. क. ईशान, तुला बोट लागते का, ते अजून कोणालाच माहीत नाही. नाक आजोबांचं आहे, त्यामुळे मला शंका आहे. आमसुलं मी आजच आणून ठेवली.