पुढच्या दगडापलीकडचे पाणी

नवतपा लागला की नागपूरची माणसे दुपारी उंबरठ्याबाहेर पाऊल टाकत नाहीत. परंतु हैदराबादला मावशीच्या नव्या घराची वास्तुशांत नेमकी त्याच दिवसांत आल्यामुळे आजी, मामा आणि सानिका असे तिघे सकाळीच गाडी घेऊन निघाले होते. बुटीबोरी आणि जाम मागे पडेपर्यंत सानिका झोपलेली होती. हिंगणघाट ओलांडल्यावर ती जागी झाली, खिडकीतून दोन्ही बाजूंची नांगरून उघडी पडलेली काळी शेते पाहून कंटाळली आणि मग तिचे लक्ष समोरच्या सरळ रस्त्याकडे गेले.

"मामा, पुढे रस्त्यावर पाणी साचले आहे. गाडी हळू घ्या."

मामांनी गाडीचा वेग कमी केला नाही. पाणीही जवळ आले नाही. गाडी जितकी पुढे जाई तितके ते मागे सरके, आणि जिथे ते चमकत होते तिथे पोहोचल्यावर डांबर कोरडे ठणठणीत असे.

"मृगजळ ते," मागच्या सीटवरून आजी म्हणाली. "उन्हाने डोळ्यांना भूल पडते. डोक्याला रुमाल बांध आणि मुकाट्याने बस."

"आई, नाव बरोबर सांगितलेस, पण भूल पडते हे काही मला पटत नाही," मामा म्हणाले. मामा पाटबंधारे खात्यात सर्व्हेअर होते आणि कालव्यांची लेव्हल घेण्यात त्यांची पंचवीस-तीस वर्षे गेली होती. त्यामुळे डोळ्यांवर कोणी संशय घेतला, की तो आपल्या दुर्बिणीवरच घेतला असे त्यांना वाटे. "सानिका, माझा मोबाईल घे आणि त्या पाण्याचा फोटो काढ."

तिने फोटो काढला. फोटोतही पाणी होते, आणि पुढे चाललेल्या पांढऱ्या मोटारीचे उलटे प्रतिबिंबही त्यात अस्पष्ट उमटले होते.

"आता सांग, मोबाईलला उन्हाची भूल पडते का? त्याला तर मन नाही. याचा अर्थ असा, की तिकडून काहीतरी उजेड खरोखरच आपल्याकडे येतो आहे."

"कशाचा उजेड?"

"आभाळाचा. तू पाहतेस ते आभाळ आहे, बेटा, फक्त ते तुला जमिनीवर दिसते आहे."

सानिकाने एकदा वर पाहिले आणि एकदा समोर. रंग तोच होता, हे तिला मान्य करावे लागले. परंतु वरचे आभाळ खाली कसे आले, हे काही तिच्या लक्षात येईना.

मामांनी उत्तराला थोडा वेळ घेतला. डांबर उन्हाने तापते, मग त्याला चिकटलेली हवा तापते आणि विरळ होते. तिच्या वरची हवा त्या मानाने थंड आणि दाट राहते. प्रकाश विरळ हवेतून किंचित वेगाने जातो आणि दाट हवेतून किंचित सावकाश, एवढे सांगून ते थांबले, कारण सानिकाच्या चेहऱ्यावर काहीच उमटलेले नव्हते.

"बैलबंडीचे एक चाक चिखलात आणि दुसरे कडक जमिनीवर असले, तर बंडी कुठे वळेल?"

"चिखलाकडे. ते चाक मागे राहील ना."

"तसेच. आभाळातून तिरपा खाली येणारा प्रकाश रस्त्याजवळ पोहोचला, की त्याची खालची बाजू गरम हवेत भरभर पळते आणि वरची बाजू दाट हवेत मागे राहते. म्हणून तो रस्त्याला टेकण्याआधीच वरच्या बाजूला वळतो आणि तुझ्या डोळ्यांत शिरतो. तो वाटेत वळला आहे हे डोळ्यांना कळायला मार्ग नसतो. प्रकाश सरळच आला असे धरून आपण त्याच रेषेत समोर बघतो, आणि त्या रेषेत असतो रस्ता."

"आणि ते पाणी हलते कसे?"

"तापलेली हवा एका जागी राहत नाही, वर उठते, थंड हवेत मिसळते. आम्हाला त्याचा फार जाच होतो. दुपारी दुर्बिणीतून पाहिले, तर समोरच्या पट्टीवरचे आकडे नुसते नाचत असतात. म्हणून आम्ही लेव्हलचे काम सकाळीच उरकतो, आणि नजरेची रेषा जमिनीला फार लागून जाणार नाही याची काळजी घेतो. नाहीतर कालव्याचे पाणी कागदावर चढावर वाहायचे."

१७९८ साली नेपोलियनच्या सैन्याबरोबर इजिप्तला गेलेल्या गास्पार मोंझ नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने तिथल्या वाळवंटात सैनिकांना दिसणाऱ्या तळ्यांचे कारण याच रीतीने मांडले होते, हेही त्यांनी सांगितले. आजीला नेपोलियनमध्ये रस नव्हता. तिने पिशवीतून कैरीचे पन्हे काढले.

"पण मग अगदी गाडीच्या पुढ्यात का दिसत नाही?" सानिकाने विचारले. हा प्रश्न मामांना मनापासून आवडला असावा, कारण त्यांनी एसीचा आवाज कमी केला.

"प्रकाश वळतो तो अगदी थोडा, एका अंशापेक्षाही कमी. तेव्हा जवळजवळ रस्त्याला घासत येणारा प्रकाशच वर वळून तुझ्यापर्यंत पोहोचू शकतो, आणि तशी नजर दूरच्याच रस्त्यावर पडते. रस्त्याच्या कडेला दर दोनशे मीटरला लहान दगड असतात. पाणी कुठे सुरू होते ते त्यांच्यावरून मोज."

सानिकाने वडकीपर्यंत दुसरे काही केले नाही. गाडी एका दगडापाशी आली, की पाणी पुढच्या दगडाच्या जरासे पलीकडून सुरू होई. मध्येच रस्त्याला वळण किंवा चढ आला, की हिशेब बिघडे, आणि सपाट पट्टा लागला, की तो पुन्हा जमे. सुमारे अडीचशे मीटर, असे तिने शेवटी जाहीर केले.

"आणि माझे डोळे आणखी उंचावर असते तर? त्या ट्रकवाल्यांसारखे?"

"तूच सांग."

तिने बराच विचार केला. कोन तेवढाच राहणार आणि उंची वाढणार, म्हणजे नजर रस्त्याला आणखी दूर जाऊन टेकणार. "त्यांना पाणी लांब दिसत असेल," ती म्हणाली, पण स्वतःच्याच उत्तरावर तिचा पुरता विश्वास नव्हता.

करंजीच्या पुढे ते एका ढाब्यावर जेवायला थांबले. जेवण झाल्यावर मामांनी तिचा हात धरून तिला रस्त्याच्या कडेला नेले. उभे राहून पाहिले, तेव्हा पाणी दूरच्या एका निळ्या फलकाच्या अलीकडे सुरू होत होते. ती खाली उकिडवी बसली, तसे ते निम्म्याहून अधिक अंतर चालून जवळ आले. ती उठली आणि ते परत गेले. असे तिने चार-पाच वेळा केले, तेव्हा बाजेवर बसलेले एक वयस्कर ट्रकचालक कुतूहलाने उठून आले. कारण ऐकल्यावर त्यांनी, मामांची हरकत नसेल तर, तिला आपल्या केबिनमध्ये चढवायची तयारी दाखवली. ट्रक रस्त्याच्या दिशेने तोंड करूनच उभा होता.

सानिका सीटवर बसली आणि काचेतून पाहू लागली. फलकाच्या अलीकडचे डांबर आता काळे आणि कोरडे दिसत होते. पाणी त्याच्या बरेच पलीकडे गेले होते.

"फलकाच्या पुढे आहे!" ती वरून ओरडली. "काका, तुम्हाला रोज इतक्या लांबच दिसते का?"

"दिसते खरे, पोरी," ते म्हणाले, "पण छोट्या गाडीवाल्याला ते जवळ दिसत असेल, हे काही कधी डोक्यात आले नाही." आणि ते स्वतःच रस्त्याच्या कडेला जाऊन, गुडघ्यांवर हात ठेवून, सावकाश खाली वाकले.

"आता त्यांनाही नादी लावलेस का?" आजी गाडीतून म्हणाली. "चला, अजून पैनगंगासुद्धा ओलांडलेली नाही. आणि सानिका, तो मोबाईल इकडे दे. मला तो फोटो नीट बघू दे."