विषय: ऑफरमधील पगाराच्या रचनेबाबत विनंती – सीनियर क्वालिटी इंजिनिअर, चाकण प्लँट

नमस्कार देशपांडे मॅडम,

शुक्रवारी पाठवलेलं ऑफर लेटर मिळालं, मनापासून आभार. फोनवर झालेल्या बोलण्याप्रमाणेच पद, ग्रेड आणि रिपोर्टिंग सगळं त्यात आहे. या कामात मला खरोखर रस आहे. ६० दिवसांचा नोटीस पीरियड धरून रुजू होण्याची तारीखही मला चालेल.

सही करण्याआधी फक्त पगाराच्या रचनेबद्दल एक विनंती करायची आहे.

लेटरमध्ये सीटीसी १०,८०,००० आहे. त्यात दरमहा ग्रॉस ७२,००० म्हणजे वर्षाला ८,६४,००० फिक्स्ड आहे. बाकीच्यात कंपनीचा पीएफ ५१,८४०, ग्रॅच्युइटी २०,७७९, व्हेरिएबल १,२०,००० आणि विमा व बस मिळून २३,३८१ येतात. सध्या माझा ग्रॉस ६६,००० आहे, म्हणजे दरमहा हातात येणाऱ्या भागात वाढ साधारण नऊ टक्के होते.

गेल्या दीड महिन्यात चाकण, तळेगाव आणि रांजणगाव पट्ट्यातल्या याच कामाच्या जागा मी पाहिल्या. निकष असे ठेवले: सहा ते आठ वर्षांचा अनुभव, ॲल्युमिनियम कास्टिंग किंवा मशीनिंग, आयएटीएफ इंटर्नल ऑडिटर आणि ग्राहकाकडे पीपीएपी सादर करण्याची थेट जबाबदारी. ‘५ ते १५ लाख’ अशा मोघम जाहिराती आणि वाहन कंपन्यांचे स्वतःचे प्लँट वगळले, कारण त्यांची तुलना आपल्या प्लँटशी योग्य ठरली नसती. सीटीसीचे आकडे शेजारी ठेवले की फसगत होते (कुणी कँटीनही त्यात धरतं), म्हणून जाहिरातीतून किंवा कन्सल्टंटला विचारून फक्त फिक्स्ड भाग घेतला. पाच जागांचे वार्षिक आकडे लाखांत असे आले: ९.३०, ९.६०, ९.९०, १०.२० आणि १०.८०. मधला आकडा ९.९०. पाच जागा म्हणजे काही मोठं सर्वेक्षण नव्हे, याची मला कल्पना आहे. तुमच्याकडे याहून चांगली माहिती असेल तर ती समजून घ्यायला आवडेल. माझा तक्ता सोबत जोडला आहे.

त्यावरून विनंती अशी, की दरमहा ग्रॉस ८२,००० म्हणजे वर्षाला ९,८४,००० करता येईल का? सगळा भार नव्या खर्चाचा पडू नये म्हणून व्हेरिएबल १,२०,००० वरून ६०,००० करावं, असं सुचवते. बेसिक ३६,००० चं ४१,००० धरलं तर पीएफ ५९,०४० आणि ग्रॅच्युइटी २३,६६५ होते. विमा व बस तशीच ठेवून एकूण सीटीसी ११,५०,०८६ वर जाते. म्हणजे कंपनीवर जास्तीचा भार ७०,०८६, साधारण साडेसहा टक्के.

प्लँट राउंडमध्ये शिंदे सरांनी गिअरबॉक्स हाउसिंग दाखवलं होतं. बेअरिंग बोअरचा सीपीके १.१ च्या आसपास अडकला आहे आणि ग्राहकाची अट १.६७ ची आहे, असं ते म्हणाले. सध्याच्या नोकरीत अशाच बोअरवर मी काम केलं आहे. तिथे फिक्श्चरचं क्लॅम्पिंग प्रेशर जास्त होतं. क्लॅम्प सुटला की बोअर ओव्हल व्हायचा, आणि मशीनवर मापलेलं व सीएमएमवर आलेलं माप जुळायचं नाही. तुमच्याकडे कारण वेगळं असू शकेल, पण पहिल्या आठवड्यात मी तपासायला घेईन ते हेच.

ग्रेडच्या मर्यादेमुळे आत्ता ८२,००० शक्य नसेल, तर ७७,००० वर सुरुवात करून सहा महिन्यांनी आढावा घेण्याचा पर्यायही मला मान्य आहे. त्यात शिंदे सरांनी ठरवलेली उद्दिष्टं पूर्ण झाली तर उरलेले ५,००० वाढावेत, आणि ही ओळ नेमणूकपत्रात यावी इतकंच. पुढे तुमच्या किंवा त्यांच्या जागी दुसरं कुणी आलं, तर कुणालाच आठवणीवर अवलंबून राहावं लागणार नाही.

यासाठी तुम्हाला वरिष्ठांची आणि फायनान्सची मंजुरी घ्यावी लागेल, हे मी समजू शकते. ऑफरची मुदत या महिन्याच्या २० तारखेपर्यंत आहे. मंजुरीला त्याहून वेळ लागणार असेल तर कृपया मुदत वाढवल्याचा एक मेल पाठवा. सुधारित लेटर आलं की त्याच दिवशी सही करून पाठवते आणि दुसऱ्या दिवशी इथे राजीनामा देते.

फोनवर बोलणं सोयीचं असेल तर माझी फर्स्ट शिफ्ट साडेतीनला सुटते. चारनंतर कधीही फोन करा.

आपली,
स्नेहल

सोबत: पाच जागांचा तुलनात्मक तक्ता (एक पान)