संमतीपत्रे व संगीत परवाने: दादर फुलबाजार लघुपट, शनिवारच्या चित्रीकरणापूर्वी

शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत सगळे कागद फाईलमध्ये हवेत. कागद नसेल तर ते दृश्य शनिवारच्या यादीतून काढायचे.

☐ चार मुलाखतींची मराठी संमतीपत्रे, प्रत्येकी दोन प्रती. संवाद लिहून दिलेले आहेत, हे त्यात स्पष्ट असावे. नाहीतर "हे माझे मत नव्हते" अशी तक्रार नंतर उभी राहते. संपादन, डबिंग, यूट्यूब, महोत्सव, मुदत आणि मानधन यांचा उल्लेख हवा. सही कॅमेरा सुरू होण्याआधी घ्यायची. क्लॅपसोबत सही केलेल्या कागदाचा फोटो काढायचा.

☐ हारवालीची मुलगी १४ वर्षांची आहे. सही पालकांची, शिवाय तिला स्वतःला विचारायचे. ती अभिनय करणार असल्याने बालकलाकारासाठीची जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी तिच्या वयाला लागते का, हे आधी त्यांच्या कार्यालयात विचारून घ्यायचे.

☐ बाजारातले गाळे: गाळेधारकाची लेखी परवानगी. रस्त्यासाठी एक खिडकी योजनेतले परवानगीपत्र, छापील प्रत दिग्दर्शन साहाय्यकाकडे. स्टेशनच्या हद्दीत पाऊल टाकायचे नाही, रेल्वेची परवानगी वेगळी असते.

☐ गर्दीसाठी दोन्ही टोकांना सूचनाफलक. चेहरा जवळून दिसला की संमतीपत्र.

☐ संगीत. इथेच सर्वाधिक गडबड होते. चालीचे व शब्दांचे हक्क एकीकडे, ध्वनिमुद्रणाचे दुसरीकडे; चित्रासोबत वापरायला दोन्ही परवाने लेखी हवेत. नव्याने गाऊन घेतले तरी पहिला लागतोच. गाळ्यावरचा रेडिओ विनंती करून बंद ठेवावा, कारण संवादाखालचे गाणे नंतर नीट पुसणे अवघड असते.