हार्ड डिस्कच्या नुकसानभरपाईबाबत

दि. २१ जुलै २०२५

प्रति,
शाखा व्यवस्थापक,
कुरिअर शाखा, विश्रामबाग, सांगली

विषय : १४ जुलैला बुक केलेल्या पार्सलमधील हार्ड डिस्क खराब झाल्याबाबत

महोदय,

मी लग्नाचे फोटो काढतो. १४ जुलैला आपल्या शाखेतून पुण्याला माझ्या मेव्हण्यांकडे ४ टीबीची साडेतीन इंची हार्ड डिस्क पाठवली. पावतीवर किंमत ९,८०० रुपये लिहिली आहे आणि जोखमीचे ९० रुपये आपण वेगळे घेतले आहेत. पावतीची प्रत सोबत आहे.

पॅकिंग मी स्वतः केले. डिस्क आधी अँटिस्टॅटिक पिशवीत, मग बबल रॅपचे चार वेढे, पावसाळा म्हणून वरून प्लॅस्टिकची पिशवी, आणि पाच थरी खोक्यात सहाही बाजूंनी दोन-दोन इंच फोम. खोके हलवून पाहिले, आत काही हलत नव्हते. पारदर्शक टेप लावून 'नाजूक वस्तू' असे लाल अक्षरांत लिहिले. काउंटरवरच्या मुलाने ते पाहिले, "भारी पॅकिंग केलंय की" असेही म्हणाला! निघण्याआधी डिस्क तपासली होती. CrystalDiskInfo मध्ये Good असा शेरा होता, त्याचा फोटो जोडला आहे.

१७ तारखेला पार्सल पोचले तेव्हा खोक्याचा एक कोपरा दोन बोटे आत गेला होता आणि माझ्या टेपवर तपकिरी टेपची पट्टी होती. ती माझी नाही. मेव्हण्यांनी सही करतानाच 'खोके दबलेले, टेप बदललेली' असे लिहिले आणि आपल्या माणसासमोर खोके उघडून व्हिडिओ काढला. त्या कोपऱ्याकडचा फोम गायब आहे, डिस्कच्या कडेला पोचा आहे. जोडली की टकटक आवाज येतो आणि कॉम्प्युटरला ती दिसतच नाही. बंद डिस्क लहानसहान धक्के सहन करते, तेव्हा हा धक्का साधा नव्हता.

फोनवर आपल्याकडून सांगितले गेले की पावतीच्या मागे लिहिल्याप्रमाणे १०० रुपयेच मिळतील. मग किंमत लिहून घेऊन जोखमीचे पैसे कशाचे घेतले?

फोटोंची दुसरी प्रत माझ्याकडे होती म्हणून नवरदेवापुढे तोंड दाखवता आले. त्यामुळे फोटोंचे काही मागत नाही. डिस्कचे ९,८००, कुरिअरचे १८० आणि जोखमीचे ९० मिळून १०,०७० रुपये द्यावेत. डिस्क, खोके आणि तपकिरी टेप तशीच ठेवली आहे, आपला माणूस येऊन पाहू शकतो.

रस्त्याने माल वाहून नेण्याच्या २००७ च्या कायद्यातील कलम १६ प्रमाणे ही लेखी सूचना समजावी. १५ दिवसांत उत्तर न आल्यास सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करीन. या पत्राच्या प्रतीवर पोच द्यावी.

आपला,
अ. वि. जाधव
फोटोग्राफर, विश्रामबाग, सांगली

सोबत : पावतीची प्रत, पॅकिंगचे व डिस्कचे फोटो, पोच पावतीवरील शेऱ्याची प्रत, व्हिडिओ असलेला पेन ड्राइव्ह